तेल बदललं तरी पुढचे शॉकअप दबतातच: तपासणी कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायचं

ब्रेक दाबला की गाडीचं नाक भसकन खाली जातं. स्पीडब्रेकर उतरताना पुढून ठक्कन, धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येतो. घाटातल्या उतारावर ब्रेक धरलेला असताना साधा खड्डा आला तरी तो शॉकअपमध्ये न जिरता थेट मनगटात येतो. खड्डा गेल्यावर हँडल एकदा वर येऊन थांबत नाही, दोन-तीनदा वरखाली होत राहतं. माझ्याकडे ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी एक उपाय आधीच केलेला असतो: फोर्क ऑइल बदललेलं असतं, आणि तेही जाड टाकून. काही दिवस बरं वाटतं, पुढच्या घाटात पुन्हा तेच.

हे लिखाण साध्या टेलिस्कोपिक फोर्कसाठी, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या पुढच्या शॉकअपसाठी आहे. आपल्याकडच्या शंभर ते साडेतीनशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना हाच असतो. बाहेरून फिरवायला कुठलाही स्क्रू नसतो, आत एक लांब स्प्रिंग, थोडं तेल आणि भोकं पाडलेला एक डॅम्पर रॉड. उलटे, म्हणजे जाड नळी वर असलेले फोर्क आणि कार्ट्रिजवाले फोर्क यांच्याबद्दल शेवटी थोडं सांगितलं आहे.

आधी लक्षण नीट ओळखा

सगळ्याच तक्रारींना लोक "शॉकअप गेलेत" म्हणतात, पण लक्षणं वेगवेगळी असतात आणि त्यांची कारणंही वेगळी.

ब्रेकवर नाक खोल जाऊन तळाला ठोका बसत असेल, तर संशय स्प्रिंगवर, तिच्या प्रीलोडवर, म्हणजे ती आधीच किती दाबून बसवली आहे त्यावर, किंवा तेलाच्या पातळीवर घ्यायचा. खड्ड्यानंतर गाडी झुलत राहत असेल, तर परतीचं डॅम्पिंग, म्हणजे फोर्क वर येतानाचा वेग आवरणं, कमी पडतंय. म्हणजे तेल पातळ झालंय, कमी झालंय किंवा त्यात फेस होतोय. नाक फारसं खाली जात नाही, पण बारीक खाचखळगे हातात टोचतात, असं असेल तर तेल गरजेपेक्षा जाड आहे, नळ्या अडकतायत किंवा टायरमध्ये हवा जास्त आहे.

एक लक्षण लोकांच्या लक्षात येत नाही. हायवेवरच्या रंबल स्ट्रिपवरून जाताना पहिल्या दोन पट्ट्या मऊ लागतात आणि पुढच्या कडक होत जातात. तिथे फोर्कला परत वर यायला वेळच मिळत नाही. प्रत्येक पट्टीला तो थोडा आणखी खाली राहतो आणि शेवटी शिल्लक प्रवासच, म्हणजे दबायची जागाच, उरत नाही. हे जाड तेलाचं लक्षण आहे. पण रायडरला शॉकअप "कडक" वाटतो, तळ लागल्याचा भास होतो, आणि त्यावर तो आणखी जाड तेल टाकायला सांगतो.

अगदी हळू चालवताना पुढचा ब्रेक मारल्यावर हँडलखाली बारीक "खट्" वाजत असेल, तर शॉकअपला हात लावण्याआधी कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं, तपासा.

स्प्रिंग किती ते ठरवते, तेल किती वेगाने ते

पुढच्या सगळ्या तपासण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून ती सावकाश सांगतो.

स्प्रिंगला फक्त वजन कळतं. ठराविक वजन पडलं की ती ठराविक मिलिमीटर दबते. वजन एका क्षणात पडलं की पाच सेकंदांत, याने तिला फरक पडत नाही. तेलाचं याच्या उलट आहे. तेल डॅम्पर रॉडच्या भोकांतून ढकललं जातं आणि त्याचा विरोध फक्त हालचाल चालू असताना असतो. फोर्क थांबला की तेलाचा विरोध शून्य. इंजेक्शनच्या सिरिंजमधून पाणी हळू ढकललं तर सहज जातं, जोरात ढकललं तर अंगठा दुखतो. फोर्कमध्ये तेच घडतं. अशा साध्या भोकांत वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट होतो. बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ या गाडीवर तेलाने डॅम्पिंग होणारा टेलिस्कोपिक फोर्क आणला, आणि साध्या फोर्कमध्ये आजही तेल भोकातून ढकलूनच वेग आवरला जातो.

आता जाड तेल का फसतं ते बघा. शहरात ब्रेक अर्धा-एक सेकंद असतो. जाड तेलाने नाक हळू खाली जातं आणि पूर्ण खाली पोचायच्या आत ब्रेक सुटतो, म्हणून सुधारणा झाल्यासारखी वाटते. घाटाच्या उतारावर ब्रेक चार-पाच सेकंद धरलेला असतो. तेवढ्या वेळात फोर्क स्प्रिंग नेईल तिथे पोचतोच, तेल जाड असो की पातळ. शिवाय खड्ड्याच्या कडेवर चाक ज्या वेगाने वर फेकलं जातं, तो वेग ब्रेकने नाक दबण्याच्या वेगाच्या कितीतरी पट असतो. तिथे जाड तेलाचा विरोध इतका वाढतो की फोर्क दबायच्या ऐवजी काठीसारखा वागतो. थोडक्यात, किती दबतं ही तक्रार असेल तर तेलाने ती सुटत नाही.

प्रीलोडबद्दलही असाच गैरसमज आहे. स्प्रिंगच्या डोक्यावर स्पेसर टाकून तिला आधीच दाबून ठेवली की ती कडक होते, असं समजतात. तसं होत नाही. पुढचे १० मिमी दाबायला आधी जितका जोर लागायचा तितकाच लागतो. गाडी फक्त थोडी वर उभी राहते, म्हणजे खाली दबायला जागा वाढते. ही मदत खरी आहे, पण तिला मर्यादा आहे. ती पुढे आकड्यांनी दाखवतो.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली टायरची हवा. सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरमध्ये मोजा आणि चेनगार्डवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिली आहे तेवढीच ठेवा. पुढच्या टायरमध्ये हवा जास्त असेल तर बारीक खाचा टोचतात आणि दोष शॉकअपला जातो. हे ठीक केल्याशिवाय पुढचं कुठलंही मोजमाप भरवशाचं नाही.

दुसरी मागच्या शॉकअपची सेटिंग. तिथे बहुतेक गाड्यांना पाच-सहा पायऱ्यांची कडी असते. मागे कुणी बसणार म्हणून ती शेवटच्या पायरीवर नेतात आणि तशीच राहते. मग एकटं चालवताना मागचं उंच राहतं आणि गाडीचं वजन पुढे झुकतं. आधी ती आपल्या रोजच्या वजनाला योग्य त्या पायरीवर आणा. क्रॅशगार्ड, टँकबॅग, पुढे बांधलेलं सामान हेही पुढच्या स्प्रिंगलाच सोसावं लागतं.

तिसरी कोन सेट. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि कुणाला तरी मागे दाबून बसवून पुढचं चाक उचला. दोन्ही फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. टीजवळ, म्हणजे दोन्ही फोर्क धरून ठेवणाऱ्या पट्टीजवळ, खेळ जाणवला तर कोन सेट ढिला आहे. टीजवळ खेळ नाही, पण नळी खालच्या भागात जिथे शिरते तिथे हलतेय, तर आतले बुश झिजलेत. मग हँडल मधून सोडून बघा. दोन्हीकडे ते आपसूक, न अडखळता पडायला हवं.

चौथी सील. डस्ट सील बोटांनी खाली सरकवा आणि आत बघा. नळीवर तेलाचं कडं दिसलं तरी लगेच नवं सील घालू नका. बऱ्याचदा सीलच्या ओठाखाली चिखलाचा कण अडकलेला असतो. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापा, तिच्या टोकाला छोटा आकडा ठेवा, तो सीलच्या ओठाखाली सरकवून नळीभोवती फिरवा आणि घाण बाहेर ओढा. नळी पुसून दोन दिवस गाडी चालवा. पुन्हा ओलं झालं तरच सील बदला. कोकणात समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या नळीवर गंजाचे बारीक टोचे पडतात. नखाला ते लागत असतील तर नवं सीलही लवकरच फाटेल. तिथे खर्च नळीचा आहे.

तेल ओघळून डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर पोचलं असेल, तर ती गाडी चालवत गॅरेजला आणू नका. टेम्पोत घालून आणा.

पाचवी तपासणी पंक्चर काढल्यानंतर सुरू झालेल्या कडकपणाची. पुढचं चाक बसवताना अ‍ॅक्सल आवळताना एक फोर्क थोडा आत खेचला गेला, तर दोन्ही नळ्या समांतर राहत नाहीत आणि अडकत सरकतात. अ‍ॅक्सलचा मुख्य नट मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे आवळा, पण क्लॅम्पचा छोटा बोल्ट ढिला ठेवा. पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा जोरात दाबा, म्हणजे फोर्कचा पाय आपोआप जागेवर बसतो. मग छोटा बोल्ट आवळा. "तेल बदललं तेव्हापासून कडक झाले" या तक्रारीत मला अनेकदा हेच सापडलं आहे.

सॅग मोजणे

रायडर बसल्यावर फोर्क स्वतःहून जितका दबतो, त्याला सॅग म्हणतात. यासाठी एक केबल टाय, मोजपट्टी आणि दोन माणसं पुरतात. फोर्क न उघडता स्प्रिंगबद्दल सगळ्यात जास्त माहिती यातून मिळते.

केबल टाय नळीवर घट्ट, पण सरकेल इतपत बांधा. चाक हवेत असताना डस्ट सीलपासून खालच्या टीपर्यंत उघडी नळी मोजा. मग गाडी जमिनीवर सरळ धरा. रायडरने नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट घालून, पाय फुटरेस्टवर ठेवून बसायचं. मदतनीसाने पुढचं दाबून हळूच सोडायचं, गाडी जिथे थांबेल तिथे मोजायचं. मग पुढचं थोडं उचलून हळूच सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. या दोन्ही मापांची सरासरी घ्या आणि ती चाक हवेत असतानाच्या मापातून वजा करा. तोच सॅग.

ही दोन मापं कधीच सारखी येत नाहीत, कारण सील आणि बुश घासतात. १० मिमीपर्यंतचा फरक चांगला. १५ च्या वर गेला तर आधी अडकण्याचं कारण शोधा: अ‍ॅक्सल, वाकलेली नळी, सुकलेलं सील. ते न शोधता स्प्रिंग बदलली तर पैसे वाया जातात.

रस्त्यावरच्या गाडीला सॅग एकूण प्रवासाच्या चौथाई ते एक तृतीयांश असावा. १३० मिमी प्रवासाच्या फोर्कला म्हणजे साधारण ३३ ते ४३ मिमी. खूप कमी सॅगही वाईट. स्पीडब्रेकरच्या पलीकडे चाकाला खाली यायला जागा राहत नाही, फोर्क वरच्या टोकाला "टक्" करून थांबतो आणि क्षणभर टायर रस्त्याला नीट टेकत नाही.

केबल टाय तसाच ठेवून नेहमीच्या रस्त्यावर फिरून या. तो कुठे पोचला यावरून जास्तीत जास्त किती प्रवास वापरला ते कळतं. फक्त एक लक्षात ठेवा: उघडी दिसणारी नळी आणि खरा प्रवास सारखे नसतात. नळी १६८ मिमी उघडी असेल आणि प्रवास १३० असेल, तर ३८ मिमी नळी बाहेर दिसत असतानाच तळ लागलेला असतो. "अजून दीड इंच शिल्लक आहे" असं म्हणणाऱ्याची गाडी प्रत्यक्षात तळाला ठोकत असते.

एक गाडी, आकड्यांसकट

कराडचा एक मुलगा नोकरीसाठी चिपळूणला ये-जा करायचा, म्हणजे कुंभार्ली घाट नेहमीचाच. त्याची तक्रार वर लिहिली आहे तीच: उतारावर नाक बसतं आणि वळणातल्या खड्ड्यात ठोका. "दादा, तेल तर आत्ताच बदललंय, जाडवालं टाकलंय," हे त्याचं पहिलं वाक्य. त्याआधीच्या गॅरेजमध्ये फोर्कमध्ये इंजिन ऑइल टाकलं होतं. ते फोर्क ऑइलपेक्षा कितीतरी जाड असतं.

टायर, मागची कडी, कोन सेट, सील सगळं ठीक होतं. उघडी नळी १६८ मिमी, रायडर बसल्यावर सरासरी ११५. सॅग ५३ मिमी, म्हणजे १३० च्या प्रवासातला चाळीस टक्के भाग नुसतं बसल्यावरच संपलेला. ब्रेकसाठी आणि खड्ड्यासाठी मिळून ७७ मिमी उरले. केबल टाय तळापर्यंत गेलेला होता.

फोर्क उघडून स्प्रिंग काढली. घरच्या वजनकाट्यावर ती उभी धरून ड्रिल प्रेसने ५० मिमी दाबली, काट्याने ३० किलो दाखवले. म्हणजे प्रत्येक मिलिमीटरला ०.६ किलो, दोन्ही मिळून १.२. स्प्रिंगची लांबी मॅन्युअलच्या मर्यादेत होती, म्हणजे ती "बसलेली" नव्हती. या रायडरच्या आणि त्याच्या सामानाच्या वजनाला ती मुळातच मऊ होती. फोर्कची वरची टोपी लावल्यावर स्प्रिंग २५ मिमी आधीच दबत होती. त्यात ५३ सॅग मिळवला की ७८ मिमी, गुणिले १.२, म्हणजे पुढच्या स्प्रिंगांवर साधारण ९४ किलो भार.

पहिला उपाय स्वस्त होता: दोन्हीकडे १५ मिमीचा स्पेसर. सॅग ५३ वरून ३८ वर आला. सरळ स्प्रिंगमध्ये स्पेसर जितका, तितकाच सॅग कमी होतो. आता तळाशी काय झालं ते पाहा. पूर्वी फोर्क पूर्ण दबायला प्रवास १३० अधिक प्रीलोड २५, मिळून १५५ मिमी गुणिले १.२, म्हणजे १८६ किलो लागत होते. आता १७० मिमीचे २०४ किलो. फक्त १८ किलोंची भर. गाडी समतल रस्त्यावर छान झाली, शहरातला ठोका गेला. कुंभार्लीत मात्र केबल टाय पुन्हा तळालाच सापडला.

मग मिलिमीटरला ०.७५ किलोची स्प्रिंग घातली, दोन्ही मिळून १.५. स्पेसर काढून टाकला आणि प्रीलोड पुन्हा २५ ठेवला. सॅग तोच, ३८ च्या आसपास. पण तळाशी १५५ गुणिले १.५, म्हणजे २३२ किलो. मूळ अवस्थेपेक्षा ४६ किलो जास्त, बसण्याची उंची स्पेसरच्या वेळची तीच ठेवून. या हिशोबात फोर्कमधल्या हवेचा दाब धरलेला नाही, तो तिन्ही वेळा थोडी भर घालतोच. पण सॅग प्रीलोडने सुधारतो आणि तळाचा ठोका स्प्रिंगच्या कडकपणाने, हा फरक एवढ्यावरून स्पष्ट दिसतो.

तेल मी उलट पातळ केलं. इंजिन ऑइल काढून मूळ १० क्रमांकाच्या फोर्क ऑइलमध्ये त्याच कंपनीचं, त्याच मालिकेतलं १५ क्रमांकाचं निम्मं मिसळलं. कडक स्प्रिंग परत येताना जास्त जोराने ढकलते, म्हणून परतीला थोडं जास्त डॅम्पिंग लागतं. त्यापेक्षा जास्त नाही. हातात येणारा टोचरेपणा गेला. घाट उतरून आल्यावर केबल टाय तळाच्या खुणेच्या १२ मिमी आधी थांबलेला होता.

तेल: क्रमांकापेक्षा पातळी

फोर्क उघडणं ही पहिली मेहनतीची पायरी, आणि इथे अपघाताची शक्यता खरी आहे. वरची टोपी स्प्रिंगच्या जोराखाली असते. शेवटचे आटे सुटताना ती उडते. तोंड बाजूला ठेवा, तळहाताने किंवा टी-हँडलने दाब देत सोडा. फोर्क टीमध्ये असतानाच, वरच्या टीचा क्लॅम्प बोल्ट ढिला करून, टोपी पाव फेरा सैल करून घ्या. फोर्क बाहेर काढल्यावर ती सुटत नाही. गाडीला इंजिनखाली पक्का आधार हवा. नुसत्या साइड स्टँडवर हे काम करायचं नाही.

तेल जुनं झालं की करडं, चांदीसारखं चकाकणारं होतं आणि त्याला उग्र वास येतो. चकाकी बुशच्या झिजेची असते. ते बदला, पण मोजून ओतण्यावर थांबू नका, कारण थोडं जुनं तेल आत राहतंच. स्प्रिंग बाहेर ठेवून तेल ओता, नळी हळूहळू दहा-बारा वेळा वरखाली करून डॅम्पर रॉडमधली हवा काढा, फोर्क पूर्ण दाबा, दहा मिनिटं थांबा. मग नळीच्या वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोजा आणि ते मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवा. सिरिंजला नळी लावून तिच्यावर त्या अंतराची खूण केली की जास्तीचं तेल नेमकं ओढता येतं. दोन्ही फोर्कमध्ये फरक एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

पातळीला इतकं महत्त्व का? तेलावरची हवा ही दुसरी स्प्रिंग आहे. सुरुवातीला ती जाणवत नाही, शेवटच्या टप्प्यात एकदम कडक होते. ४१ मिमीच्या नळीत १० मिलिलिटर तेल म्हणजे साधारण एक सेंटिमीटर पातळी. सीलमधून ३० मिलिलिटर गेलं तर पातळी तीन सेंटिमीटर उतरते आणि शेवटचा आधार मऊ पडतो. आणखी कमी झालं तर भोकांतून तेलाबरोबर हवा ओढली जाते, फेस होतो, आणि गाडी वीस-तीस किलोमीटरनंतर झुलायला लागते. सकाळी ठीक आणि दुपारी खराब, असं सांगणाऱ्या गाडीत मी आधी पातळीच बघतो.

तळाचा ठोका अगदी थोडाच उरला असेल, तर पातळी ५ ते १० मिमीने वाढवून पाहता येते. त्यापुढे जाऊ नका. हवेला जागा उरली नाही की दाब सील फोडतो.

डब्यावरच्या क्रमांकाबद्दल एक सूचना. एका कंपनीचं १० दुसऱ्या कंपनीच्या १५ इतकं जाड असू शकतं. खरी तुलना ४० अंश सेल्सियसला दिलेल्या सेंटीस्टोकच्या, म्हणजे तेलाच्या जाडीच्या मापाच्या, आकड्याने होते. तो आकडा मिळत नसेल तर कंपनी बदलू नका.

स्पेसर आणि स्प्रिंगची मर्यादा

स्पेसर टाकण्याआधी एक हिशोब करावाच लागतो, तो न करणं धोक्याचं आहे. स्प्रिंगचे सगळे वेढे एकमेकांना टेकले की ती लोखंडी कांब होते. वरच्या गाडीत मूळ स्प्रिंग ४४० मिमी लांब, ५ मिमी तारेचे ४८ वेढे. वेढे टेकल्यावरची लांबी २४०, म्हणजे दबायला २०० मिमी. प्रवास १३० अधिक प्रीलोड ४०, मिळून १७० लागणार होते. ३० शिल्लक, म्हणून स्पेसर चालला. शिल्लक दहाच्या आत येत असेल तर टाकू नका.

काही जण स्प्रिंग कापून कडक करतात. वेढे कमी केले की कडकपणा वाढतो हे खरं. पण याच स्प्रिंगचे ३८ वेढे ठेवून ०.७५ किलो मिळवले असते, तर दबायला १५८ मिमी राहिले असते आणि गरज १५५ ची. तीन मिलिमीटरच्या भरवशावर घाट उतरणं मला मान्य नाही. शिवाय कापताना तार तापते आणि टोक सपाट बसत नाही. विकत मिळणारी योग्य स्प्रिंगच घ्या. स्पेसर लेथवर अ‍ॅल्युमिनियमचा करून घ्या, दोन्ही टोकं काटकोनात आणि स्प्रिंगकडे सपाट वॉशर.

इथे हात थांबवा

नळी काचेवर फिरवून पाहिली आणि ती लंगडत फिरली, तर ती वाकलेली आहे. घरी सरळ करू नका. अपघातानंतर हँडल सरळ असताना चाक तिरकं दिसत असेल, तर टी किंवा फ्रेमही वाकलेली असू शकते आणि ती जिगवरच कळते. सील बदलायला नळी वेगळी करावी लागते. त्यासाठी खालचा बोल्ट सोडताना आतला डॅम्पर रॉड सोबत फिरतो, आणि तो धरायचं लांब हत्यार नसेल तर बोल्टचं डोकं मारून बसाल. तेल याच बोल्टपाशी, फोर्कच्या बुडातून गळत असेल, तर तांब्याचा वॉशर बदलायचा असतो. तेही त्याच कारागिराचं काम. टोपी दोन प्रयत्नांत आट्यावर बसली नाही तर जोर करू नका. आटे गेले की नळी गेली.

उलट्या फोर्कमध्ये, कार्ट्रिजमध्ये किंवा गॅस भरलेल्या भागात घरच्या हत्याराने शिरू नका. तिथे तुमचं काम बाहेरचे स्क्रू इतकंच. आधी प्रत्येक स्क्रू पूर्ण बंद करून किती क्लिक होते ते लिहा आणि त्याच क्लिकवर परत आणा. मग एका वेळी एकच स्क्रू दोन क्लिक हलवा आणि त्याच रस्त्यावर फिरून बघा.

मेकॅनिककडे जाताना कागदावर एवढं न्या: उघडी नळी, दाबून आणि उचलून घेतलेली दोन्ही मापं, केबल टाय कुठे थांबला, सध्या कोणतं तेल आहे, आणि तुमचं सामानासकट वजन.